पाखरं सावलीत की फांदीवर

चष्मेवाल्यांनी दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. गल्लीतली माणसं अजूनही मोडक्या काडीचा चष्मा घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची. चष्मेवाले खिडकीजवळच्या टेबलाशी बसून स्क्रू पिळून द्यायचे, काचा पुसून द्यायचे आणि म्हणायचे, "डोळ्यांचं मला कळत नाही, काडीचं तेवढं कळतं."

त्यांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणायचे. चर्चच्या मागच्या खोलीत रविवारची मुलांची शाळा त्या चालवायच्या. अर्ध्या गल्लीने लहानपणी त्यांच्या हातची टपली खाल्ली होती. थंडी सरता सरता बाई गेल्या. लोक आले, रडले, डबे देऊन गेले. मग डबे परत न्यायला आले. मग कोणी आलं नाही.

घरात दोन खुर्च्या, एक टेबल. चष्मेवाले जेवताना समोरच्या खुर्चीशी बोलायचे. वेडबीड काही नव्हतं. इतक्या वर्षांची सवय एकदम कुठं टाकणार? "आज मीठ जास्त पडलं गं," असं ते म्हणायचे, आणि बाई काय म्हणाल्या असत्या ते त्यांना बरोब्बर ऐकू यायचं: "मग हात कुणाचा होता?" तेवढ्यावर त्यांचं जेवण होत असे.

चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी ठरवलं की बाईंच्या आठवणीसाठी शाळेच्या खोलीची पुढची भिंत रंगवायची. येशूने सांगितलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला, म्हणजे दृष्टांत, काढायचा, कारण बाईंना तो फार प्रिय होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर गाठला. तो कागदावर कच्चं चित्र काढून घेऊन आला आणि चष्मेवाल्यांना बोलावणं आलं.

खोलीत बुटकी बाकं, खडूचा वास. पेंटरने कागद फळ्याला टेकवला. चित्रात दोन माणसांच्या कवेत न मावणाऱ्या बुंध्याचं झाड होतं. प्रत्येक फांदीवर पाखरं, आणि मागे निळा डोंगर.

"डोंगर कशाला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मंडळीचे खजिनदारसाहेब म्हणाले. मोहरीएवढ्या विश्वासाने डोंगर हलतो ना? मग डोंगर नको?"

चष्मेवाले बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाखरं खाली पाहिजेत. सावलीत. आणि झाड एवढं मोठं नको. झुडूपच पाहिजे."

पेंटर हसला. "काका, पाखरं झाडावर नाही बसणार तर काय बाकावर बसणार? आणि मोहरीचं काय घेऊन बसलात, खसखस तिच्याहून बारीक असते. दाखल्यात सगळं तंतोतंत धरायचं नसतं."

"ती सावलीतच म्हणायची," चष्मेवाले म्हणाले.

आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पलंगावर पडून, उशीला टेकून धडे तयार करत. वर्गाला जाता येत नव्हतं, तरी धडा तयार लागायचा. समोर मुलं नाहीत म्हणून नवऱ्याला बसवायच्या. "झुडूपच असतं हो ते," त्या सांगायच्या, "भाजीपाल्यातलं सगळ्यात मोठं. फांद्या मात्र मोठ्या फुटतात आणि आकाशातली पाखरं त्याच्या सावलीला येऊन राहतात." सांगून झालं की डोळे मिटून पडायच्या. चष्मेवाल्यांनी हे एकदा नाही, कितीतरी वेळा ऐकलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दूरच्या शहरात एका दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करायची. वय चाळिशीकडे झुकलेलं, पण घरात तिला अजून 'बेबी'च म्हणत.

"बेबी, आई मोहरीच्या दाखल्यात पाखरं कुठं बसवायची?"

"फांद्यांवर," ती पटकन म्हणाली. "एका माणसाने दाणा घेतला, आपल्या बागेत टाकला, त्याचं झाड झालं, पाखरांनी फांद्यांवर घरटी केली. का हो?"

"सावलीत नाही?"

"सावली नव्हतीच त्यात. बाबा, मी तिच्या वर्गात पुढच्या बाकावर बसायचे."

"अगं, पण मला ती शेवटी शेवटी रोज सांगायची. आणि बागबिग काही नव्हती, जमीन होती."

मग ती जपून म्हणाली, "बाबा, तुमचं अलीकडे विसरायला होतं. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून फिरायला गेला होतात. होतं असं. रागावू नका."

चष्मेवाले रागावले नाहीत. 'बरं' म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग बाईंच्या उशाशी असायचं ते शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. त्यांना स्वतःला वाचनाची फारशी आवड नव्हती. चर्चला जायचे, पण बाईंच्या शेजारी बसायला मिळतं म्हणून. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी मत्तयात दाखले आहेत एवढं त्यांना ठाऊक होतं. पानं उलटत उलटत तेरावा अध्याय सापडला. भिंग धरून त्यांनी वाचलं. माणसाने दाणा आपल्या शेतात पेरला. सगळ्या बियांत लहान, पण वाढल्यावर सगळ्या रोपांत मोठा होऊन त्याचं झाड होतं, आणि पाखरं येऊन त्याच्या फांद्यांवर राहतात.

फांद्यांवर. सावली कुठंच नव्हती.

त्यांनी पुन्हा वाचलं, मग भिंगाची काच पुसून पुन्हा. अक्षरं तीच राहिली.

मग त्यांच्या मनाने जे घेतलं ते वाईट होतं. पाखरं सावलीत बसतात हे बाई कधी म्हणाल्याच नसतील, तर बाकीचंही काय खरं धरायचं? मीठ जास्त पडलं की जे ऐकू येतं ते बाईंचं, की आपणच आपल्याशी बोलतो? त्या दोघांत जे बोलणं झालं त्याला साक्षीदार एकच होता, आणि तोच आता गॅस चालू ठेवून फिरायला जात होता.

त्या दिवसापासून ते जेवताना बोलेनासे झाले. ताट घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी, स्क्रूच्या डब्यांच्या मधे बसून जेवायचे. काडी दुरुस्त करायला आलेल्या शेजारणीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना काका?" ते म्हणाले, "तब्येतीला काय धाड भरलीय." तिला ते पटलं नाही, पण ती शेगडीवर भाजी टाकून आली होती, तिला थांबता येईना.

आठवडा उलटल्यावर चष्मेवाले चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांच्याकडे गेले. हे पाळक नवीन होते, तरुण होते. बाईंना त्यांनी आजारी असतानाच पाहिलं होतं. चर्चच्या बाजूच्या छोट्या खोलीत पुस्तकांच्या ढिगामागे ते बसले होते.

"पेंटरला सांगा, त्याला हवं तसं काढ," चष्मेवाले उभ्याउभ्याच म्हणाले. "फांद्यांवर काढ, डोंगर काढ. माझं चुकलं. मी वाचून बघितलं."

"बसा तर खरं काका. काय चुकलं?"

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं गेलं. सावली, बाग, शेत, लेकीचं बोलणं, सगळं. पाळकसाहेबांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "तुम्ही कुठं वाचलंत?"

"मत्तयात. दुसरं कुठं असणार?"

"एक सांगा. बाई हा दाखला सांगायच्या, तेव्हा त्याच्या आधी काही सांगायच्या का? की एकदम मोहरीवरच यायच्या?"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. पलंग दिसला, उशी दिसली, औषधाच्या बाटलीवर पडलेलं ऊन दिसलं. "आधी ते झोपणाऱ्याचं असायचं," ते सावकाश म्हणाले. "एक माणूस बी टाकतो आणि रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी आपलं आपण वाढतं. कसं वाढतं ते त्याला कळत नाही. आधी पात, मग कणीस, मग कणसात दाणा. हे झालं की ती मला म्हणायची, 'तुमच्यासारखा आहे तो, झोपाळू.' आणि मग मोहरी."

पाळकसाहेब उठले. एक शास्त्र उघडून त्यांनी मार्काचा चौथा अध्याय काढला आणि ते पुस्तक चष्मेवाल्यांपुढे सरकवलं. "झोपणाऱ्या माणसाचा हा दाखला चारही शुभवर्तमानांत फक्त एका ठिकाणी आहे. इथे. मत्तयात नाही, लूकात नाही, योहानात नाही. आणि त्याच्या लगेच खाली काय आहे ते तुम्हीच वाचा."

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि नाक पानाला टेकेल इतकं वाकून वाचलं. दाणा जमिनीत पेरतात. पृथ्वीवरच्या सगळ्या बियांत लहान. उगवल्यावर सगळ्या पालेभाज्यांत मोठा होतो, त्याला मोठमोठ्या फांद्या फुटतात, आणि आकाशातल्या पाखरांना त्याच्या सावलीत राहता येतं.

त्यांचं बोट 'सावलीत' ह्या शब्दावर थांबलं.

"झाड नाही म्हटलेलं," ते म्हणाले.

"नाही. मार्कात झाड नाहीच. फांद्या मोठ्या, पण भाजीच. झाड मत्तयात आणि लूकात होतं." पाळकसाहेबांनी आणखी एक पुस्तक उघडून शेजारी ठेवलं. "आता हा लूक, तेरावा अध्याय. इथे माणूस दाणा आपल्या बागेत टाकतो. सगळ्यात लहान वगैरे लूक म्हणतच नाही. मोठा झाला, झाड झालं, फांद्यांवर पाखरं. तुमची लेक म्हणते ना बाग? मग तिला बाईंनी लूकातून शिकवलं. तीही चुकली नाही."

"मग मीच तेवढं तिसरीकडे जाऊन वाचलं?"

"तुम्ही मत्तयात गेलात. तिथं शेत." पाळकसाहेब हसले. "तिघांची जमीनसुद्धा वेगळी. त्या काळच्या यहुदी दंडकात मोहरी भाजीच्या वाफ्यात पेरायला मनाई होती, शेतात चालायची. मोहरी पसरते ना, दुसऱ्याला जागा देत नाही. म्हणून मत्तयाने शेत म्हटलं असावं, आणि लूकाच्या वाचकांना तो दंडक माहीत नसेल म्हणून बाग चालली असेल, असं काही अभ्यासक म्हणतात. खात्रीने कोण सांगणार?"

"आणि योहानात?"

"योहानात हा दाखलाच नाही. पण शास्त्राबाहेर एक जुनं लिखाण आहे, थोमाचं म्हणतात. वाळवंटात पुरून ठेवलेल्या पोथ्यांत सापडलं. त्यातही मोहरी आहे. तिथं दाणा नांगरलेल्या जमिनीवर पडतो, मोठी फांदी फुटते आणि पाखरांना आसरा होतो."

चष्मेवाले ऐकत होते, पण नजर मार्काच्याच पानावर होती. "ह्याचा अर्थ काय हो पण? ती मला अर्थ सांगायची नाही. विचारलं की म्हणायची, 'बघा बसून.'"

"सरळ अर्थ म्हणजे देवाचं राज्य असं सुरू होतं की कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग इतकं होतं की दुसऱ्यांना आसरा मिळतो. पाखरं म्हणजे परकी माणसं, दूरदूरचे लोक, असं पुष्कळांनी धरलंय. पण त्यात एक गंमत आहे. जुन्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत मोठं राज्य म्हटलं की गंधसरूसारखं ताडमाड झाड यायचं, डोंगराच्या माथ्यावर लावलेलं. यहेज्केलात त्याच्या सावलीत हरतऱ्हेची पाखरं राहतात. दानीएलात राजाच्या स्वप्नातलं झाड आभाळाला टेकतं. ऐकणाऱ्यांना ते पाठ होतं. ते वाट बघत असणार गंधसरूची, आणि येशूने काय काढलं? परसातली मोहरी. मत्तय आणि लूक तिला झाड करतात, म्हणजे जुन्या चित्राच्या जवळ नेतात. मार्क मात्र तिला भाजीच राहू देतो. सावली तेवढी त्या मोठ्या झाडाची देतो."

"म्हणजे राज्य आहे, पण सिंहासन नाही."

"तसं म्हणा. काहीजण उलटही वाचतात. मत्तयात त्याच अध्यायात आधी पाखरं येऊन बी खाऊन टाकतात, तेव्हा इथली पाखरंही वाईटच, असं त्यांचं म्हणणं. मला ते ओढूनताणून वाटतं, पण म्हणतात."

"आणि तो डोंगर?"

"डोंगर ह्या दाखल्यातला नाहीच. मोहरीएवढा विश्वास असेल तर डोंगर सरकेल, ते वेगळं वचन, मत्तयाच्या सतराव्यात. लूकात तर तिथं डोंगरही नाही, तुतीचं झाड आहे, ते उपटून समुद्रात जातं. दाणा तोच, गोष्ट दुसरी. खजिनदारसाहेबांनी दोन्हीची मोट बांधली." मग जरा थांबून पाळकसाहेब म्हणाले, "बाईंनी आजारपणात मार्कच का घेतला असेल?"

चष्मेवाल्यांना आठवत होतं, शेवटी शेवटी बाईंना उभंही राहवत नव्हतं, तरी संध्याकाळी त्या त्यांना म्हणायच्या, "इथं बसा जरा. बोलू नका. नुसते बसा." आणि ते बसायचे, पलंगाला टेकून, खाली जमिनीवर. हे पाळकाला सांगण्यासारखं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा रस्त्यावर दुकानं उघडी होती, कुणीतरी पायऱ्या धूत होतं. चष्मेवाले भिंतीला हात लावून उभे राहिले आणि रडले. जाणाऱ्या एकाने विचारलं, "काही हवंय का?" त्यांनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते परत मिळालं होतं, आणि मिळाल्यावर ती नाही हे जास्तच कळत होतं.

त्यांनी लेकीला फोन केला. मार्काचं सांगितलं, झोपणाऱ्या माणसाचं सांगितलं, लूकाची बागही सांगितली. "तुझंही बरोबर आहे. आपण दोघांनी वेगळं वेगळं ऐकलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला तिने सावलीचं कधी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "वर्षभर ती आजारी होती आणि मी दोनदा आले. दोन्ही वेळा परतीची वेळ ठरवूनच. तुम्हाला रोज सांगत होती."

आपली आठवण खरी ठरावी म्हणून त्यांनी किती धडपड केली होती. तिच्या वाट्याला असलं काही आलंच नाही हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. तिकडे तीही एका खोलीत एकटी जेवत असेल, हे त्यांच्या मनात प्रथमच आलं.

"तू सांग ना मला बागेचं," ते म्हणाले. "जसं ती सांगायची तसं. मी कधी ऐकलं नाही. मी तेव्हा दुकानात असायचो."

"आता?"

"आता."

तिने घसा खाकरला. "आधी ती वाकलेली बाई असायची. अठरा वर्षं कंबरेत वाकलेली, तिला वर बघताच येत नव्हतं. आई आम्हा सगळ्यांना वाकून खोलीभर चालायला लावायची. कोणी कुणाला धडकायचं, हसू यायचं. मग ती म्हणायची, 'येशूने हात ठेवला. आता सरळ व्हा.' आम्ही सरळ झालो की लगेच, श्वास घ्यायच्या आत, मोहरी. 'एका माणसाने दाणा घेतला आणि बागेत टाकला.' टाकला म्हणताना ती हात असा करायची... तुम्हाला दिसत नाही. जसं काही महत्त्वाचं नाहीच, जाता जाता टाकला."

चष्मेवाल्यांना दिसलं. खडूने पांढरी झालेली बोटं दिसली. ही बाई त्यांच्या ओळखीची नव्हती; मुलांना वाकवून खोलीभर पळवणारी, तरुण, मोठ्या आवाजाची. त्यांनी तिला लग्नानंतर रोज पाहिलं होतं आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

"लूकात ती बाई मोहरीच्या अगदी आधीच आहे का बघा," बेबी म्हणाली. त्यांनी बघितलं. होती.

भिंतीचं ठरवायला मंडळी जमली. चष्मेवाले म्हणाले, लेकीला हवं तर फांद्यांवर पाखरं काढा. पण बेबीने पाळकसाहेबांना आधीच फोन करून सांगितलं होतं: सावली. पेंटर कुरकुरला, "एवढी मोठी भिंत, आणि त्यावर भाजी काढू?" खजिनदार म्हणाले, "माझा डोंगर गेला कुठं?" पाळकसाहेबांनी त्यांना सतरावा अध्याय दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "मग दुसऱ्या भिंतीला बघू," आणि डोंगर तसा तहकूब झाला.

पेंटरने शेवटी मन लावून काम केलं. माणसाच्या डोक्याहून जरा उंच, पिवळ्या फुलांचं, विस्कटलेलं झुडूप. बारीक खोड, पण फांद्या आडव्या, लांब. खाली उन्हाचे कवडसे आणि त्यात पाखरं. एक पंख पसरून लोळत होतं, दोन नुसतीच बसली होती. काही लोकांना ते आवडलं नाही. तण वाटतं म्हणाले. चष्मेवाल्यांना आवडलं.

बेबी एका दिवसासाठी आली. भिंतीसमोर बुटक्या बाकावर बसली, गुडघे हनुवटीला लागत होते. बराच वेळ दोघं तिथं बसली, बोलली नाहीत. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जाताना म्हणाली, दर रविवारी फोन करीन. चष्मेवाल्यांनी मान डोलावली; असं सगळेच म्हणतात.

तिने केला खरा. पहिल्या रविवारी, दुसऱ्या रविवारी. तिसऱ्या रविवारी फोन आला नाही. चष्मेवाले दुपारपर्यंत फोनकडे पाहात बसले. दुसऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू दोनदा हातातून निसटून टेबलाखाली गेला. घर इतकं शांत होतं की शेजारच्या नळाचं थेंब थेंब गळणं ऐकू येत होतं. 'तिला तिची कामं असतील,' ते मनाशी म्हणाले, आणि मग म्हणाले, 'असतील तर असतील.' त्यांनी आपणच फोन लावला. आजवर लागेल त्या कामापुरताच ते फोन करत. नुसता बोलायला म्हणून हा पहिला.

बेबीचा आवाज बसला होता. ताप होता, सकाळपासून पडून होती, उठून पाणी घ्यायचाही कंटाळा आला होता.

"आधी पाणी घे. मी थांबतो," ते म्हणाले. ती उठल्याचा, भांड्याचा, परत येऊन पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"बाबा," ती म्हणाली, "मोहरीनंतरचं खमिराचं तुम्हाला ठाऊक आहे ना? एक बाई पीठ फुगायला त्यात खमीर लपवते ते?"

चष्मेवाल्यांनी आठवून पाहिलं. "मला नाही सांगितलं तिने."

"हो की. मार्कात ते नाहीच." ती खोकली, आणि खोकता खोकता थोडी हसली. "लूकात आहे. मत्तयातही आहे. मग ऐका. पीठ किती होतं माहितीये? आई दोन्ही हात पसरून दाखवायची..."

चष्मेवाल्यांनी खुर्ची ओढली आणि फोन कानाला घट्ट धरला.